मे महिन्यात उणे चाळीस कुठून आलं? बायनरी, हेक्स आणि टूज कॉम्प्लिमेंटची उत्तरं तपासायची कशी

माझी भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्याआधी तिने महालातल्या घराच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, तापमान मोजणारं एक छोटं यंत्र लावलं. अर्डुइनो उनो आर-३ बोर्ड, सीताबर्डीवरून आणलेला डीएचटी-११ सेन्सर आणि दोन ओळींचा डिस्प्ले, एवढाच पसारा. यंत्र तीन वेळा तापमान वाचायचं आणि सरासरी दाखवायचं. मार्चभर ते नीट चाललं. मे महिन्यात, नवतपा लागायच्याही आधी, एका दुपारी डिस्प्लेवर `-40` आलं. "मामा, नागपुरात मे महिन्यात उणे चाळीस काहून दाखवून राहिलं?" तिने तोवर वायर बदलून पाहिली होती, दुसरा सेन्सरही लावून झाला होता. संध्याकाळी ऊन उतरलं की आकडे आपोआप ताळ्यावर यायचे. त्यामुळे सेन्सर उन्हाने तापतो, असाच तिचा समज झाला होता.

दोष प्रोग्रॅममधल्या या तीन ओळींत होता:

```c
int8_t sum = 0;
for (int i = 0; i < 3; i++) sum += t[i];
int8_t avg = sum / 3;
```

उनोवर जेमतेम दोन किलोबाइट रॅम असते. जागा वाचावी म्हणून तिने सगळीकडे आठ बिटांचा `int8_t` वापरला होता. त्या दुपारची तीन वाचनं होती ४५, ४४ आणि ४६. त्यांची बेरीज १३५ होते, आणि आठ बिटांच्या चिन्हांकित संख्येत जास्तीत जास्त १२७ मावतात. त्यापलीकडे गेलं की ओव्हरफ्लो. पुढचा हिशेब कागदावर उलगडू. पण त्याआधी कागदावरची रूपांतरं स्वतःची स्वतः तपासता यायला हवीत. ती चुकली तर ओव्हरफ्लो कुठे झाला आणि आपली चूक कुठे झाली, हे वेगळं काढताच येत नाही. भाचीच्या वहीतही तेच झालं होतं: एका पानावर दोन चुका, आणि दोन्हींचं खापर सेन्सरवर.

## रूपांतर तपासताना तीन ठिकाणी बघा

सरावाला मी तिला नागपूर जीपीओचा पिनकोड दिला, ४४०००१. याचं हेक्स काढायचं. सोळाने भागत जायचं आणि बाकी लिहीत जायची:

```
440001 / 16 = 27500   बाकी 1
 27500 / 16 =  1718   बाकी 12 (C)
  1718 / 16 =   107   बाकी 6
   107 / 16 =     6   बाकी 11 (B)
     6 / 16 =     0   बाकी 6
```

खालून वर वाचलं की उत्तर `6B6C1`. आता हे बरोबर आहे की नाही, कसं ठरवायचं? पुन्हा तसेच भागाकार करत बसलात तर हात तीच चूक पुन्हा करेल. तपासणीची वाट वेगळी हवी.

पहिल्यांदा शेवटचा अंक बघा. दहा हजाराला सोळाने पूर्ण भाग जातो. म्हणून दशमान संख्येचे फक्त शेवटचे चार अंक घेऊन त्यांना सोळाने भागलं, की जी बाकी उरते तोच हेक्सचा शेवटचा अंक. इथे शेवटचे चार अंक `0001`, बाकी १, आणि उत्तराच्या शेवटीही `1` आहे. ऑक्टलसाठी शेवटचे तीन अंक पुरतात, कारण हजाराला आठाने भाग जातो.

मग पहिला अंक आणि एकूण अंक किती ते बघा. सोळाचा चौथा घात ६५,५३६ आणि पाचवा १०,४८,५७६. आपली संख्या या दोघांच्या मध्ये आहे, तेव्हा उत्तर पाच अंकीच हवं. ६५,५३६ तिच्यात सहा वेळा जातात, सातव्या वेळी जात नाहीत. म्हणजे पहिला अंक `6`.

तिसरी गोष्ट अंकांची बेरीज. नऊने भाग जातो का हे बघायला आपण शाळेत अंकांची बेरीज करायचो, कारण दहा म्हणजे नऊ अधिक एक. सोळा म्हणजे पंधरा अधिक एक, तेव्हा हेक्समध्ये तीच युक्ती पंधरासाठी चालते. `6+B+6+C+1` म्हणजे ६+११+६+१२+१, बेरीज ३६. पंधराने भागल्यावर बाकी ६. आता मूळ ४,४०,००१ ला पंधराने भागा: १५ × २९,३३३ = ४,३९,९९५, बाकी ६. जुळलं. ऑक्टलला हेच सातने करायचं.

अंकांची बेरीज मला फार आवडते, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. मुलांची सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे बाकी खालून वर न वाचता वरून खाली वाचणं. तसं केलं तर उत्तर येतं `1C6B6`. अंक तेच, फक्त उलटे लागलेले, तेव्हा त्यांची बेरीजही ३६ आणि ही तपासणी चूक मुकाट्याने सोडून देते. `0` च्या जागी `F` लिहिला गेला तरी तिला कळत नाही, कारण दोघांत फरक नेमका पंधराचा. मधला एखादा शून्य गळला तरी तेच. `1C6B6` ला मात्र पहिल्या दोन तपासण्या लगेच पकडतात: मूळ संख्या विषम असताना उत्तर `6` ने संपतंय, आणि सुरुवात `6` ऐवजी `1` ने होतेय. म्हणून तिन्ही ठिकाणं बघायची. सगळं मिळून अर्धं मिनिटही लागत नाही.

परीक्षेत वेळ हातात असेल तर पक्की तपासणी उलट्या वाटेने करता येते. डावीकडचा अंक घ्या, सोळाने गुणा, पुढचा अंक मिळवा: ६ × १६ + ११ = १०७. १०७ × १६ + ६ = १७१८. १७१८ × १६ + १२ = २७,५००. आणि शेवटी ४,४०,००१. बघा, वरच्या भागाकारांतलेच आकडे उलट क्रमाने परत आले. त्यामुळे कुठे गडबड असेल तर नेमकी कोणत्या पायरीवर ते लगेच दिसतं.

## ऑक्टलमध्ये गट कुठून पाडता?

हेक्सवरून ऑक्टलला जाताना मध्ये बायनरी लिहायचं आणि तीन-तीन बिटांचे गट पाडायचे, हे सगळ्यांना येतं. चूक होते ती गट डावीकडून पाडल्याने. `6B6C1` चं बायनरी, पुढचा शून्य सोडून, १९ बिटांचं होतं:

```
1101011011011000001

उजवीकडून:  1 101 011 011 011 000 001  ->  1533301
डावीकडून:  110 101 101 101 100 000 1  ->  6555401
```

दोन्ही उत्तरं सात अंकी, दोन्हींच्या शेवटी `1`. नजरेला दोन्ही खरीच वाटतात. इथे अंकांची बेरीज कामी येते. ४,४०,००१ ला सातने भागल्यावर बाकी २ उरते. `1533301` ची बेरीज १६, बाकी २. `6555401` ची बेरीज २६, बाकी ५. म्हणजे दुसरं चुकीचंच. बायनरीत मोजायला सुरुवात एकं स्थानापासून, म्हणजे उजवीकडूनच करायची, हे एवढ्या एका उदाहरणाने भाचीच्या डोक्यात पक्कं बसलं.

## टूज कॉम्प्लिमेंट: बेरीजच सांगते काय चुकलं

आता उणे संख्या. आठ बिटांत −१२१ लिहायचं आहे. १२१ म्हणजे `01111001`, हेक्समध्ये `79`. बिट उलटे केले की `10000110`, त्यात एक मिळवला की `10000111`, म्हणजे `87`.

तपासायच्या दोन रीती आहेत. पहिलीत सगळ्यात डावीकडच्या बिटाची किंमत −१२८ धरायची आणि बाकीच्यांची नेहमीसारखी. `10000111` म्हणजे −१२८ + ४ + २ + १ = −१२१. बरोबर.

दुसरी रीत मला जास्त उपयोगी वाटते. मूळ संख्या आणि तुमचं उत्तर यांची बेरीज करा. आठ बिटांत ती नेमकी `100` हेक्स, म्हणजे २५६ यायला हवी. नववा बिट बाहेर पडतो आणि आत आठ शून्यं उरतात. `79 + 87 = 100`, झालं. पण तिचा खरा उपयोग उत्तर चुकलं असेल तेव्हा होतो, कारण बेरीज किती आली यावरून चूक कोणती ते समजतं.

बेरीज `FF` आली तर बिट उलटे केले, पण एक मिळवायचा राहिला. उत्तर `86` लिहिलंत तर `79 + 86 = FF`.

बेरीज `80` आली तर आठ बिट पूर्ण करण्याआधीच उलटापालट केली. १२१ सात बिटांत `1111001` असाही मावतो. तोच उलटला तर `0000110`, आणि एक मिळवून `0000111`, म्हणजे चक्क अधिक सात! भाचीच्या वहीत हेच होतं. आधी डावीकडे शून्य लावून रुंदी पूर्ण करायची आणि मगच बिट उलटायचे, हा क्रम सोडायचा नाही.

ऑक्टलमध्ये लिहिलं असेल तर बेरीज `400` यायला हवी, `1000` नाही. आठ बिटांचे तीन-तीनचे गट पाडले की डावीकडच्या गटात दोनच बिट उरतात. −१२१ म्हणजे `10 000 111`, ऑक्टल `207`. १२१ म्हणजे `171`. `171 + 207 = 400`.

एक संख्या मात्र या सगळ्यांतून वेगळी राहते: −१२८, म्हणजे `80`. तिचे बिट उलटून एक मिळवला की पुन्हा `80` च येतो. बेरीज `80 + 80 = 100` जुळते, तपासणी पास होते, आणि तरी उत्तर चूक असतं, कारण +१२८ आठ बिटांत लिहिताच येत नाही. टूज कॉम्प्लिमेंटमध्ये उणे बाजूला नेहमी एक संख्या जास्त असते.

रुंदी बदलली की तेच बिट वेगळं बोलतात. सोळा बिटांत `0087` म्हणजे १३५, आणि −१२१ म्हणजे `FF87`. विंडोजच्या कॅल्क्युलेटरमध्ये प्रोग्रॅमर मोडला `QWORD` असताना −१२१ दिलं तर `FFFF FFFF FFFF FF87` दिसतं आणि मुलं घाबरतात. तिथे `BYTE` निवडायचं. पायथनमध्येही फसायला होतं: `bin(-121)` दिलं की `-0b1111001` मिळतं, म्हणजे फक्त उण्याची खूण आणि पुढे साधं १२१. रुंदी आपणच सांगायची:

```python
>>> format(-121 & 0xFF, '08b')
'10000111'
```

## ओव्हरफ्लो झाला की आपलीच बेरीज चुकली?

आता गच्चीवर परत जाऊ. ४५ + ४४ = ८९, इथपर्यंत सगळं ठीक. पुढे ८९ मध्ये ४६ मिळवले:

```
  01011001     89
+ 00101110     46
----------
  10000111   -121
```

बेरीज मन लावून करून बघा. एकही बिट चुकलेला नाही. दोन धन संख्या मिळवल्या आणि उत्तर ऋण आलं, हीच ओव्हरफ्लोची खूण. नियम एवढाच: दोन्ही संख्यांचं चिन्ह एक असेल आणि बेरजेचं त्यांच्या उलट, तर ओव्हरफ्लो. चिन्हं वेगळी असतील तर बेरजेत ओव्हरफ्लो होऊच शकत नाही, कारण उत्तर दोघांच्या मध्येच कुठेतरी पडतं.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला असतो. हातचा आठव्या बिटाच्या बाहेर पडला की ओव्हरफ्लो, असं मुलं सर्रास लिहितात. पण वरच्या बेरजेत हातचा बाहेर पडलाच नाही आणि तरी उत्तर बिघडलं. उलट −२० आणि −३० मिळवा:

```
   11101100    -20
 + 11100010    -30
-----------
 1 11001110    -50
```

इथे हातचा बाहेर पडला आणि उत्तर अगदी बरोबर आहे. बिनचिन्ही संख्यांसाठी बाहेर पडलेला हातचा बघायचा. चिन्हांकित संख्यांसाठी डावीकडच्या बिटात आत आलेला हातचा आणि त्यातून बाहेर गेलेला हातचा यांची तुलना करायची. दोन्ही सारखे असतील तर ठीक. एकच असेल, दुसरा नसेल, तर ओव्हरफ्लो. ८९ + ४६ मध्ये आत आला, बाहेर गेला नाही. −२० आणि −३० मध्ये आतही आला आणि बाहेरही गेला.

आता ज्यासाठी हे सगळं मांडलं ते. आठ बिटांत बेरीज-वजाबाकीचा ओव्हरफ्लो झाला तर मिळालेलं उत्तर आणि खरं उत्तर यांच्यात फरक नेहमी २५६ च्या पटीचाच असतो. १३५ आणि −१२१, फरक २५६. तेव्हा संशय आला की खरं उत्तर दशमानात काढा आणि फरक बघा. २५६, ५१२ असं काही आलं तर रुंदी कमी पडली. २५५, १२८ किंवा भलतंच काही आलं तर चूक तुमच्या हिशेबात आहे, रुंदीला दोष देऊ नका. सोळा बिटांत हाच आकडा ६५,५३६ होतो.

फक्त हा फरक भागाकाराच्या आधीच्या आकड्यात शोधायचा. डिस्प्लेवरचं −४० आणि खरं ४५ यांत ८५ चा फरक आहे, त्यावरून काहीच कळत नाही. भाचीला मी `sum` छापायला लावलं, तेव्हा −१२१ दिसलं. सी भाषेत −१२१ ला ३ ने भागलं की अपूर्णांक शून्याच्या बाजूला तोडला जातो, म्हणून −४०. मार्चमध्ये का चाललं, तेही आता कळतं. ३८, ३९, ३९ ची बेरीज ११६. ४२, ४२, ४३ ची बेरीज १२७, जेमतेम बसते. सरासरी त्रेचाळीसला पोचली की बेरीज १२९ आणि डिस्प्लेवर थेट −४२. म्हणजे यंत्र दुपारच्या उन्हात बिघडायचं आणि संध्याकाळी सुधारायचं, ते सेन्सर तापल्याने नव्हे.

अजून एक गोष्ट पुस्तकात क्वचितच ठसवून सांगितलेली असते. मधल्या पायरीवर ओव्हरफ्लो झाला म्हणून शेवटचं उत्तर चुकेलच असं नाही. समजा सेन्सर प्रत्येक वाचनात तीन अंश जास्त दाखवतो, म्हणून बेरजेतून ९ वजा करायचे. १३५ − ९ = १२६, हे आठ बिटांत बसतं. यंत्रात −१२१ − ९ = −१३०, तेही मावत नाही, त्यात २५६ मिळून पुन्हा १२६ होतं! शेवटचं उत्तर मर्यादेत असेल आणि मध्ये फक्त बेरजा-वजाबाक्या असतील, तर मधले ओव्हरफ्लो एकमेकांना फेडतात. पण मध्येच भागाकार किंवा लहान-मोठं ठरवणारी तुलना आली, की चुकलेला आकडा कायमचा शिरतो. म्हणून कागदावर तपासताना प्रत्येक पायरीवर थबकू नका. भागाकार आणि तुलना आहे तिथे मात्र नक्की थांबा.

प्रोग्रॅम लिहिताना याच्या भरवशावर राहू नये, तेही सांगतो. सी मध्ये `int8_t` ची बेरीज आधी `int` मध्ये होते आणि मग आठ बिटांत कोंबली जाते. जीसीसी तिथे २५६ वजा केल्यासारखं वागतो. पण खुद्द `int` चा ओव्हरफ्लो भाषेच्या नियमात बसतच नाही. त्यामुळे `if (a + b < a)` अशी ओव्हरफ्लो झाल्यावर पकडणारी ओळ कंपायलर सरळ गाळूही शकतो. तपासणी बेरजेच्या आधी करायची: `b` धन असेल तर `a > INT_MAX - b` आहे का, ते बघायचं.

भाचीने `sum` चा प्रकार `int16_t` केला आणि दुपारचा आकडा ४५ यायला लागला. मग तिला दिवसभराची सरासरी हवी झाली, दर मिनिटाला एक वाचन. मी तिला म्हटलं, लिहिण्याआधी भागून बघ. सोळा बिटांत जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. ४५ अंश धरले तर ७२८ वाचनं, म्हणजे बारा तास आणि थोडी मिनिटं, आणि पुन्हा तोच घोळ. उनोवर साधा `int` सुद्धा सोळाच बिटांचा असतो, तेव्हा `int` लिहूनही सुटका नाही. बिनचिन्ही केला तरी ६५,५३५ पर्यंतच. सेन्सरची कमाल ५० धरली तर दिवसाच्या १,४४० वाचनांची बेरीज ७२,००० होते. तिने `int32_t` घेतला, कागदावर २,१४,७४,८३,६४७ ला ५० ने भागलं, मग वर्षातल्या मिनिटांनी भागलं, आणि वहीत समासात लिहून ठेवलं: ८१ वर्षं.